इमोजी बदलल्याचं तक्रारपत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीबोर्डच्या अपडेटनं इमोजी बदलले म्हणून फोन कंपनीला पाठवलेल्या पत्राची झेरॉक्स दुकानाच्या काचेला लावली, तेव्हापासून रिचार्जपेक्षा त्याचीच चौकशी जास्त होते. हिंडलगा, सुळगा, उचगाव, तिकडं खानापूर, बाजाराला आलेली चंदगडकडची माणसंसुद्धा तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना पत्र गेलंय त्यांना ते ठाऊक आहे.

एवढ्याशा चित्रासाठी पत्र? झालं तरी काय असं?

पत्र आमच्या गल्लीतल्या अक्कांच्या वतीनं आहे. अक्का भाजी विकतात. लिहायवाचायला येत नाही, पण हिशेब तोंडी आणि चोख. फोनमधली नावं घरच्यांनी भरून दिलेली. भाचा मराठीत लिहितो, नातू कन्नड शाळेत जातो, त्यामुळं यादी निम्मी देवनागरीत आणि निम्मी कन्नड लिपीत. अक्कांना दोन्ही सारखीच अगम्य. म्हणून भाच्यानं प्रत्येक नावाच्या आधी एक इमोजी टाकला. रताळीवाल्यापुढं 🍠, बटाटेवाल्यापुढं 🥔, म्हशीचं दूध घालणाऱ्यापुढं 🐃, नांगरटीला बैल देणाऱ्यापुढं 🐂. अक्का चित्र बघून फोन लावायच्या, आणि कित्येक वर्षं एकदाही चुकल्या नव्हत्या.

मग एका रात्री अपडेट आला. माहितीत एवढंच लिहिलेलं की कीबोर्ड सुधारला आहे आणि इमोजी 'ताजेतवाने' केले आहेत. सकाळी यादी उघडली तर रताळं आणि बटाटा जुळे भाऊ झालेले. आधीच्या चित्रात रताळ्याची साल जांभळट लाल होती, एक टोक मोडलेलं आणि आतला पिवळा गर दिसायचा. नव्या चित्रात टोक बुजलं, गर गेला आणि साल तपकिरी झाली. म्हशीचंही तेच. आधी ती काळपट होती आणि शिंगं मागं वळलेली होती. आता म्हैसही तपकिरी आणि बैलही तपकिरी, आणि शिंगं इतकी बारीक की यादीतल्या अक्षराएवढ्या आकारात दिसतच नाहीत.

नवरात्राच्या तोंडावर अक्कांनी रताळीवाला समजून बटाटेवाल्याला फोन लावला. फोनवर माल कोणता ते कधीच बोलावं लागत नाही. "दोन पोती लावून द्या की" एवढं म्हटलं की काम होतं. बटाटेवाल्यानं दोन पोती बटाटे लावून दिले. गिऱ्हाईक उपासाची रताळी मागतंय आणि गाडीवर बटाट्याचा ढीग! उपासाला बटाटाही चालतो हे खरं, पण तो सगळ्या बाजारात होता आणि अक्कांचं गिऱ्हाईक रताळ्यासाठीच येतं.

इमोजी सगळीकडं एकच नसतो का? कंपनीला तो बदलता कसा येतो?

एकच असतो तो फक्त क्रमांक. युनिकोड नावाची एक व्यवस्था आहे. जगातल्या लिपींतल्या अक्षरांना जसे तिनं क्रमांक दिलेत तसेच इमोजींनाही दिलेत. रताळ्याचा क्रमांक U+1F360, बटाट्याचा U+1F954, म्हशीचा U+1F403 आणि बैलाचा U+1F402. आपण मेसेज पाठवतो तेव्हा चित्र जात नाही, हा क्रमांक जातो. समोरच्याचा फोन तो क्रमांक वाचतो आणि आपल्याकडच्या फॉन्टमधलं चित्र दाखवतो. चित्र कसं काढायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. त्यामुळं या पानावरचं 🐃 तुम्हाला माझ्यासारखंच दिसत असेल याची मला खात्री देता येत नाही. (तुमच्याकडं ते बैलासारखं दिसत असेल तर शेवटचा प्रश्न आधी वाचा.)

म्हणजे चित्र बदलायची मोकळीक कंपनीला आहेच, ती आम्ही नाकारत नाही. पण युनिकोडच्याच इमोजीविषयक दस्तऐवजात, ज्याला यूटीएस ५१ म्हणतात, चित्रकारांसाठी एक सूचना आहे. मूळ आकारापासून फार लांब गेलं तर एकाच्या फोनवरचं चित्र दुसऱ्याला वेगळंच वाटतं, म्हणून तसं करू नये. प्राणी किंवा वस्तू ज्या दिशेला तोंड करून आहे ती दिशाही शक्यतो बदलू नये, कारण दिशा बदलली की अर्थ बदलू शकतो. ही सूचना आहे, कायदा नाही. तरी पत्रात आम्ही तिचाच आधार घेतला, कारण "आम्ही युनिकोडप्रमाणेच केलंय" हे उत्तर येणार हे आधीच दिसत होतं. आणि ते आलंही.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तर माझे इमोजी जुनेच दिसतात. मग बदललं नक्की काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. याचं उत्तर कळल्याशिवाय पत्र लिहूच नका, नाहीतर ते भलत्याच दारात जाईल.

अँड्रॉइड फोनवर इमोजीची चित्रं तीन ठिकाणांहून येऊ शकतात. पहिलं ठिकाण म्हणजे फोनचा स्वतःचा फॉन्ट. संपर्कयादी, साधे मेसेज आणि नोट्स सहसा त्यातनं चित्र घेतात. दुसरं म्हणजे अ‍ॅपनं स्वतःबरोबर आणलेली चित्रं. व्हॉट्सअ‍ॅप अँड्रॉइडवर स्वतःचाच संच वापरतं, म्हणून फोनचा फॉन्ट कितीही बदलला तरी तिथं फरक पडत नाही. तिसरं म्हणजे कीबोर्डची इमोजी निवडायची खिडकी. काही कीबोर्ड फोनचाच फॉन्ट दाखवतात, काही आपला वेगळा.

तपासायची रीत सोपी आहे. एकच इमोजी, समजा 🐃, चार ठिकाणी बघा: कीबोर्डच्या खिडकीत, साध्या मेसेजमध्ये, एखाद्या संपर्काच्या नावात आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. फक्त कीबोर्डच्या खिडकीत बदल दिसत असेल तर कीबोर्डवाल्याकडं जा. व्हॉट्सअ‍ॅप सोडून सगळीकडं बदललं असेल तर फोनचा फॉन्ट बदललाय, म्हणजे फोन कंपनी. फक्त व्हॉट्सअ‍ॅपमध्येच बदललं असेल तर फोन कंपनीचा काही संबंध नाही.

अक्कांच्या फोनमध्ये संपर्कयादीतलं चित्र बदललं होतं. म्हणजे अपडेटच्या माहितीत कीबोर्डचं नाव असलं तरी त्याच पाकिटातनं फॉन्टही आला होता. लोक "कीबोर्ड बदलला" म्हणतात कारण कंपनीनंच तसं लिहिलं. आम्ही पत्रात दोन्ही शब्द घातले, नाहीतर कीबोर्डचा विभाग फॉन्टच्या विभागाकडं बोट दाखवतो आणि फॉन्टचा कीबोर्डकडं.

ज्याचं सिम आहे त्या कंपनीकडं तक्रार केली तर?

काही उपयोग नाही. त्यांच्याकडनं फक्त क्रमांक वाहून जातो.

जुना कीबोर्ड परत आणता येत नाही का? अपडेट काढून टाकलं तर?

कीबोर्ड आधीपासून फोनमध्येच असेल तर त्याचं अपडेट काढता येतं. Settings मध्ये Apps, तिथं कीबोर्डचं नाव, वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके आणि `Uninstall updates`. यानं कीबोर्ड फोन विकत घेतला तेव्हाच्या आवृत्तीवर जातो. तुमच्या बाबतीत फक्त खिडकी बदलली असेल तर बहुधा काम होईल. मग प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर जाऊन आपोआप अपडेट व्हायची खूण काढा, नाहीतर ते परत येईल. जुनी आवृत्ती फार दिवस ठेवणंही बरं नव्हे, सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच अपडेटमधनं येतात.

पण फॉन्टच बदलला असेल तर या बटणानं काही होत नाही. फॉन्ट फोनच्या व्यवस्थेचा भाग आहे. मागं जायचं म्हणजे सगळी व्यवस्था जुनी भरायची. त्यात फोनमधला मजकूर पुसला जातो आणि पुष्कळ फोनवर ते करूच देत नाहीत. अक्कांच्या फोनवर आम्ही तो मार्ग धरला नाही. म्हशीच्या शिंगांपायी बँकेचं अ‍ॅप आणि नातवाचे फोटो पणाला लावायचे नाहीत.

'जुने इमोजी परत मिळवा' असं सांगणारे कीबोर्ड प्ले स्टोअरवर सापडतात. एकतर ते फक्त आपली खिडकी बदलतात, संपर्कयादी नाही. दुसरं म्हणजे कीबोर्डला आपण टाइप केलेलं सगळं दिसतं, त्यात पासवर्डही आले. अनोळखी कीबोर्ड घालून घेऊ नका. मी दुकानात कुणालाच घालून देत नाही.

पत्रात नेमकं काय लिहिलंय?

काचेवरची झेरॉक्स पुसट झालीय म्हणून मुख्य मजकूर इथं देतो. अक्कांचं नाव, पत्ता आणि फोनचा आयएमईआय वगळलाय.

> महोदय,
>
> मी आपल्या कंपनीचा फोन वापरते. मला वाचता येत नसल्यामुळे संपर्कयादीतील माणसे मी नावापुढील इमोजीवरून ओळखते. आपल्या कीबोर्ड व इमोजी अपडेटनंतर फोनच्या फॉन्टमधील दोन जोड्या मला वेगळ्या ओळखता येत नाहीत: U+1F360 (रताळे) व U+1F954 (बटाटा), आणि U+1F403 (म्हैस) व U+1F402 (बैल).
>
> सोबत चार चित्रे जोडली आहेत. पहिली दोन अपडेटपूर्वीची, त्याच मॉडेलच्या अपडेट न झालेल्या फोनवरून घेतलेली. दुसरी दोन माझ्या फोनवरील. सर्व चित्रे संपर्कयादीतील मूळ आकारात आहेत, मोठी केलेली नाहीत.
>
> रताळ्याची लालसर साल व पिवळा गर, आणि म्हशीचा काळा रंग व मागे वळलेली शिंगे, या खुणा नव्या चित्रांत राहिलेल्या नाहीत. यामुळे मी चुकीच्या व्यापाऱ्याला फोन केला व माझ्या व्यवसायाचे नुकसान झाले.
>
> माझी मागणी: या चार चित्रांत वरील खुणा पुन्हा आणाव्यात, आणि यापुढे इमोजीचे चित्र बदलल्यास कोणती चित्रे बदलली ते अपडेटच्या माहितीत लिहावे.

खाली फोनचं मॉडेल, Build number, कीबोर्डची आवृत्ती आणि अपडेटची तारीख. पहिले दोन तपशील Settings मध्ये About phone या ठिकाणी मिळतात. आवृत्ती बघायला Apps मध्ये कीबोर्डचं पान उघडा आणि खाली तळाला जा. हे चार तपशील नसले तर पहिलं उत्तर तेवढेच मागणारं येतं आणि आठवडा जातो.

जुना संच आणि नवा संच, दोन्ही ठेवून निवडायची सोय का नाही मागितली?

अक्कांच्या भाच्याला तीच मागणी करायची होती. मी नको म्हटलं. रंगीत इमोजीचा पूर्ण फॉन्ट साधारण दहा एमबीचा असतो. जागा तशी फार नाही, पण दोन संच ठेवले की पुढं आलेला प्रत्येक नवा इमोजी दोनदा काढावा लागतो आणि दोनदा तपासावा लागतो. कुठलीही कंपनी हे एका पत्रावरून करणार नाही, आणि ती मागणी पत्रात असली की उत्तर देणाऱ्याला नाही म्हणायला सोपं जातं. चार चित्रांची दुरुस्ती मागितली तर नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

हसरे-रडके चेहरेही किती विचित्र झालेत! त्यांच्याबद्दल एक ओळही नाही?

नाही, आणि यावरून दुकानात सगळ्यात जास्त वाद झाला. बहुतेकांना राग चेहऱ्यांचाच. 😁 दात विचकतोय असं वाटतं, 🙄 कुत्सित हसतोय असं वाटतं, ही तक्रार खरी आहे आणि जुनीही आहे. २०१६ पर्यंत ॲपलच्या फोनवर 😁 चे दात आवळल्यासारखे दिसायचे. पाठवणाऱ्याला हसू वाटायचं आणि बघणाऱ्याला ताण. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना चेहऱ्यांचे इमोजी दाखवून त्यांचा भाव विचारला. चित्र अगदी तेच असतानासुद्धा ते चांगल्या भावाचं, वाईट भावाचं की मधलं, यावर साधारण चारातल्या एका वेळी दोन माणसांचं जमलं नाही.

इथंच अडचण आहे. चेहऱ्याबद्दल लिहिलं की कंपनी म्हणणार, ही आवडीनिवडीची गोष्ट आहे, काहींना नवं आवडलं. त्यावर आपल्याकडं उत्तर नाही. पण रताळं आणि बटाटा ही आवडीची गोष्ट नाही. चार माणसांना संपर्कयादी दाखवा आणि रताळं कोणतं ते विचारा. चौघंही अडखळली तर चित्र चुकलंय. आम्ही दुकानात हे केलं. मराठीवाले अडखळले, कन्नडवाले अडखळले, आणि ज्यांच्या शेतात रताळी आहेत तेसुद्धा अडखळले. त्यातले एक काका म्हणाले, "हे काय दाखवालास रं, ही तर अळकुडी!" अळकुडी कुणाच्याच यादीत नव्हती.

चित्रांचा पुरावा कसा गोळा केला?

आपल्या फोनचा स्क्रीनशॉट अपडेट झाल्यावर कुणालाही काढता येतो. अवघड जातं ते आधीचं चित्र मिळवणं, कारण जुना स्क्रीनशॉट काढून ठेवायचं कुणाच्या मनात येत नाही. एक मार्ग म्हणजे त्याच मॉडेलचा अपडेट न झालेला फोन शोधणं. आमच्याकडं दुरुस्तीला आलेला एक होता, त्याच्या मालकाला विचारून त्यावर संपर्क तयार केले आणि स्क्रीनशॉट घेतला. दुसरा मार्ग म्हणजे फोनमधले जुने स्क्रीनशॉट चाळणं. पैसे पाठवल्याचे किंवा मेसेजचे स्क्रीनशॉट पुष्कळांनी ठेवलेले असतात आणि त्यात एखादा इमोजी सापडतो.

जुनं चित्र व्हॉट्सअ‍ॅपमधनं घेऊ नका. ते फोनच्या फॉन्टचं नसतं आणि कंपनीला तुमचं सगळं पत्र बाजूला ठेवायला तेवढं पुरतं. आणि चित्र मोठं करून पाठवू नका. मोठं केलं की म्हशीची शिंगं दिसायला लागतात आणि मग तक्रारच उरत नाही. दोष लहान आकारात आहे, तर तो लहान आकारातच दाखवायचा. आम्ही यादीचा पूर्ण स्क्रीनशॉट जसाच्या तसा छापला, नंबर मात्र काळ्या पट्टीनं झाकले.

क्रमांक शोधायला संगणक असेल तर पायथॉनमध्ये एवढंच पुरतं:

```
hex(ord("🐃"))
```

उत्तर `0x1f403` येतं. त्यातलं 0x काढून पुढं U+ लावायचं. 👩‍🌾 सारखे इमोजी मात्र एकापेक्षा जास्त क्रमांक जोडून बनतात, तिथं ही ओळ चालत नाही.

पत्र मराठीत का पाठवलं? कन्नडमध्ये नको होतं का?

मराठी प्रत अक्कांची म्हणून पहिली लावली, कारण अंगठा त्या प्रतीवर आहे आणि ती त्यांना वाचून दाखवलेली आहे. पाठीमागं इंग्रजी प्रत जोडली, कारण चित्रांचा निर्णय घेणारी माणसं बेळगावात बसत नाहीत. कन्नड प्रत नातवाच्या शिक्षकांनी करून दिली.

इथं प्रत्येक गोष्टीला भाषेचं वळण लागतं, म्हणून एक स्पष्ट करतो. राज्यघटनेचं कलम ३५० आपल्याला सरकारी अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायची मुभा देतं, पण ते केंद्राच्या आणि राज्याच्या अधिकाऱ्यांपुरतं आहे. खासगी कंपनीला ते लागू नाही. कंपनी मराठी पत्राला उत्तर देईलच असं कायद्यानं म्हणता येत नाही. तिन्ही प्रती एकत्र असल्या की निदान "समजलं नाही" म्हणता येत नाही.

कुठं पाठवलं आणि उत्तर काय आलं?

कंपनीच्या अ‍ॅपमधनं तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. मग तो क्रमांक वर लिहून पत्र स्पीड पोस्टनं कंपनीच्या भारतातल्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवलं. पत्ता फोनच्या खोक्यावर बारीक अक्षरात असतो. सर्व्हिस सेंटरला पत्र देऊन उपयोग नाही. तिथली पोरं चांगली आहेत, पण ती स्क्रीन आणि बॅटरी बदलतात, फॉन्ट बदलत नाहीत.

पहिलं उत्तर ठरलेलं: फोन बंद करून चालू करा, कॅशे पुसा. त्यानंतर युनिकोडवालं उत्तर. त्याला आम्ही यूटीएस ५१ मधली ती सूचना दाखवली आणि चार चित्रं पुन्हा जोडली. मग पहिल्यांदा माणसानं लिहिलेलं वाटावं असं उत्तर आलं, की चित्रं डिझाइनच्या विभागाकडं पाठवली आहेत. पुढच्या अपडेटमध्ये काय येईल याचं वचन त्यांनी दिलेलं नाही.

मधल्या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केला होता. तिथं मराठीतही बोलता येतं. ते तक्रार कंपनीकडं धाडतात आणि पाठपुरावा करतात, पण कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत. आम्हाला वाटतं, ते तिसरं उत्तर त्यामुळंच आलं.

ग्राहक आयोगात का गेला नाहीत?

जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

पण माझं मत विचाराल तर इमोजीसाठी जाऊ नका. सेवेत उणीव झाली आणि त्यातनं इतकं नुकसान झालं हे दाखवावं लागेल. अक्कांचं नुकसान म्हणजे दोन पोती बटाट्यांच्या विक्रीतला फरक, आणि ते बटाटेही पुढं खपले. कंपनीचा वकील अटींमधलं ते कलम काढेल, ज्यात अपडेटनं दिसणं बदलू शकतं असं लिहिलेलं असतं. तारखांना गाडी बंद ठेवून जाण्यात जास्त पैसे जातील. अपडेटनं फोनच बंद पडला, बॅटरी फुगली, किंवा फोन मागितला तर नवा घ्या म्हणाले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जरूर जा.

अशा पत्रानं कधी कुणी चित्र बदललंय का?

बदललंय, आणि मोठ्या कंपन्यांनी बदललंय. २०१६ मध्ये ॲपलनं चाचणीच्या आवृत्तीत 🍑 नव्यानं काढला. लोकांना तो ओळखीचा वाटेना. पुढच्या चाचणी आवृत्त्यांतच तो पुन्हा जुन्या वळणावर आणला. २०१७ मध्ये गूगलच्या 🍔 मध्ये चीजचा तुकडा मांसाच्या तुकड्याच्या खाली होता. त्यावरून इतकी चेष्टा झाली की खुद्द सुंदर पिचाईंनी जाहीरपणे दखल घेतली आणि अँड्रॉइड ८.१ मध्ये तो वर गेला. सॅमसंगचा 🍪 कित्येक वर्षं खाऱ्या बिस्किटांसारखा दिसायचा, तोही २०१८ मध्ये बदलला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. पीच लगेच बदलला कारण आवृत्ती अजून चाचणीत होती. एकदा चित्र लाखो फोनवर गेलं की ते पुढच्या मोठ्या अपडेटची वाट बघतं, आणि तोवर काही लोकांना नव्याची सवय झालेली असते. त्यामुळं तक्रार करायची असेल तर बदल दिसला त्याच आठवड्यात करा.

तोवर अक्कांनी काय केलं?

इमोजीवर विसंबणंच सोडलं. संपर्काला फोटो लावता येतो. तो फॉन्टमधनं येत नाही, त्यामुळं कुठल्याही अपडेटनं बदलत नाही. रताळीवाल्याच्या संपर्काला भाच्यानं गाडीवरच्याच रताळ्यांचा फोटो लावला, आणि दूधवाल्याला त्याच्याच म्हशीचा. नंतर रोजची चार नावं मुख्य स्क्रीनवर ओढून ठेवली, म्हणजे यादी उघडायचीही गरज नाही. फोटो काढताना एकच पथ्य पाळलं: वस्तू चौकटभर असावी. लांबनं काढलेला फोटो संपर्काच्या गोलात ठिपक्याएवढा दिसतो आणि पुन्हा तीच गत.

फोटो फोनवरच न ठेवता संपर्कासोबत गूगल खात्यात जतन होतोय ना, तेही बघून घ्या. फक्त फोनमध्ये किंवा सिमवर साठवलेल्या संपर्काचा फोटो नवा फोन घेताना बरोबर येईल असं नाही.

माझ्याकडंही असंच झालंय. हेच पत्र वापरू का?

साचा वापरा, चित्रं तुमची घाला. चार ठिकाणी तपासायची रीत आधी करा. व्हॉट्सअ‍ॅप सोडून सगळीकडं बदल असेल तर पुढं जा. आणि दोन, फार तर तीन चित्रांपुरतं लिहा. एकानं तब्बल पानभर इमोजींची यादी आणली होती, त्यात त्याला न आवडलेला केकही होता. मी त्याला विचारलं, यातल्या कुठल्या दोन गोष्टी एकमेकींशी गल्लत होण्यासारख्या आहेत? दोनच निघाल्या. तेवढ्याच घातल्या.

मॉडेल वेगळं असेल तर वेगळं पत्र पाठवा. एकाच पत्रावर पन्नास सह्या घेऊन जाण्यापेक्षा वेगवेगळ्या मॉडेलांवरची पाच पत्रं बरी, कारण कंपनी तक्रारी मॉडेल आणि आवृत्तीप्रमाणं लावते. छपाईला दुकानात या, पण येताना अपडेटची तारीख बघून या. ती Settings मध्ये Software update खाली असते, आणि पुढचं अपडेट आलं की ती पुसली जाते.